भडंगाची २,५०० किलोची ऑर्डर, पण भाव १७० रुपये. घ्यावी का?

लसूणभडंग
सांगलीत आमचा भडंगाचा छोटा कारखाना आहे. पुण्याच्या एका कंपनीला दिवाळीत कामगारांना वाटायला २,५०० किलो भडंग हवाय. भाव १७० रुपये किलो, पुण्यात पोच, एकदाच. दुकानदारांना आम्ही २१० ने देतो. आमचा खर्च किलोला १९० पडतो: माल ११२, पॅकिंग १४, गॅस ९, बायकांची हजेरी १५ आणि भाडं, मशीनचा हप्ता, दोन कायम माणसांचे पगार मिळून ४०. महिन्याला ४,२०० किलो जातो. सगळे आकडे जीएसटी सोडून. मिस्टर म्हणतात किलोमागं २० रुपये तोटा कशाला खायचा. भाचा कॉमर्सला आहे, तो म्हणतो मार्जिनलनं बघ आणि डोळे झाकून घे. काय करू?

गणपतीपेठी
मिस्टरांचं ऐका. चाळीस वर्षं पेठेत बसलोय. पडत्या भावानं माल दिला की तो भाव वाऱ्यानं पसरतो. १९० चा माल १७० ला देणारा माणूस पुढच्या वर्षी कर्ज काढताना दिसतो. बाकी तुमची मर्जी.

विश्रामबागचा
काका, तो ४० रुपयांचा खर्च ऑर्डर घेतली नाही तरी होणारच आहे की! भाडं कमी होणार आहे का? म्हणजे खरा खर्च १५०. १७० वजा १५० म्हणजे २०, गुणिले २,५००, सरळ ५०,००० सुटतात. ताई, भाचा बरोबर आहे. घेऊन टाका.

आकडेमोड
विश्रामबागवाले, दिशा बरोबर आहे, पण ५० हजार हा आकडा नुसता किलोचे दर बघून आलाय, कारखाना बघून नाही. ताई, मला दोन गोष्टी सांगा. त्या १५ रुपये हजेरीच्या बायका रोजच्या रोज ठरलेल्या आहेत, की काम असेल तेवढ्याच बोलावता? आणि आहे त्या माणसांत, आहे त्या भट्टीवर महिन्याला जास्तीत जास्त किती किलो निघेल? पॅकिंगही सांगा. कंपनीला तेच २०० ग्रॅमचे छापील पाऊच हवेत का?

लसूणभडंग
बायका ठरलेल्या आहेत. ऑर्डर असो नसो, येतात. खरं सांगायचं तर तीनच्या सुमाराला शेवटचा घाणा उतरतो, मग त्या लसूण सोलत गप्पा मारत बसतात आणि साडेपाचला पूर्ण हजेरी घेऊन जातात. महिन्याला ६३,००० जातात त्यात. पूर्ण वेळ भट्टी चालली तर ६,००० किलो निघेल. त्यापुढं थांबवलं तर जादा तासांना दुप्पट द्यावे लागतात. कंपनीला पाच किलोच्या साध्या पिशव्या चालतील, किलोला ५ रुपयांत बसतं. पुण्यापर्यंत टेम्पो किलोला ४.

कुपवाडकर
माझा अनुभव सांगतो. माझी कुपवाड एमआयडीसीत फाउंड्री आहे. एका मोठ्या कंपनीनं असंच "एकदाच" म्हणून पंप बॉडीचं कास्टिंग कमी भावात मागितलं. भट्टी रिकामी होती, मीही मार्जिनलच लावलं, चार पैसे सुटले. पुढच्या वर्षी त्यांच्या परचेसवाल्यानं तोच जुना भाव टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "तेव्हा परवडलं, आता का नाही?" मी तीन वर्षं त्याच भावात अडकलो. पैसे तर शंभर दिवसांनी यायचे. ४५ दिवसांचा कायदा आहे म्हणे, पण तक्रार केली तर पुढचं काम गेलं. ताई, उद्यम नोंदणी आहे का तुमची? नसेल तर आधी ती करा, २००६ चा एमएसएमईचा कायदा मग तुमच्या बाजूनं उभा राहतो. भडंगाचं मला काही कळत नाही.

आकडेमोड
कुपवाडकरांचा मुद्दा बाजूला ठेवतो, सोडत नाही.

ताई, तुमची हजेरी किलोवर वाटलेली दिसते, पण ती किलोवर जात नाही, दिवसावर जाते. बायका तीननंतर लसूण सोलतात तो वेळ तुम्ही आधीच विकत घेतलेला आहे. म्हणून ६,००० किलोपर्यंत हजेरीचा जादा रुपया नाही. या ऑर्डरसाठी खिशातून खरंच जाणार ते एवढंच: माल ११२, गॅस ९, पिशवी ५, टेम्पो ४. झाले १३०. म्हणजे किलोमागं २० नाही, ४० सुटतात.

पण रिकामी जागा १,८०० किलोची आहे आणि ऑर्डर २,५०० ची. घोडं इथं अडतं. उरलेल्या ७०० किलोंचं काय करता त्यावर सगळं ठरतं.

पहिली वाट, कंपनीला सांगा १,८०० च देऊ. १,८०० गुणिले ४० म्हणजे ७२,०००.

दुसरी वाट, सगळे २,५०० द्या आणि दुकानदारांना ७०० किलो कमी द्या. ऑर्डरीतून १ लाख येतात, पण दुकानदाराच्या किलोमागं तुम्हाला ७५ सुटतात (२१० वजा माल, पॅकिंग, गॅस). ७०० किलोचे ५२,५०० गेले. हातात ४७,५००. ऑर्डर मोठी, पैसे कमी.

तिसरी वाट, ७०० किलो जादा तासात काढा. पूर्ण भट्टीवर हजेरी किलोला साडेदहा पडते, दुप्पट म्हणजे २१. त्या ७०० किलोंत ४० ऐवजी १९ सुटतात, म्हणजे १३,३००. एकूण ८५,३००.

भाच्याला सांगा, मार्जिनल बरोबर आहे, पण डोळे झाकून म्हणजे दुसऱ्या वाटेला जाल.

सीए_होणारच
सर, एक शंका. एएस २ या लेखा मानकाप्रमाणे तयार मालात उत्पादनाचा स्थिर खर्च धरावाच लागतो, मार्जिनल चालत नाही. मग हा हिशेब नियमाविरुद्ध नाही का? ऑडिटमध्ये प्रश्न येईल.

आकडेमोड
नाही. ते ३१ मार्चला शिल्लक मालाची किंमत ताळेबंदात किती लिहायची त्याबद्दल आहे. तिथं ताईंनी भाडं, हप्त्यातलं घसाऱ्याचं काय ते, हजेरी, सगळं नियमानं धरावं. इथं प्रश्न आहे ऑर्डर घ्यायची का. वहीत काय लिहायचं आणि गिऱ्हाइकाला काय म्हणायचं, हे दोन वेगळे टेबल आहेत.

गणपतीपेठी
आकडेमोड साहेब, गणित कळलं. २०१९ च्या महापुरात आमचं दुकान बंद होतं तरी भाडं चुकलं नाही, तेव्हा स्थिर खर्च काय ते मला शिकवू नका. पण एक सांगा, दुकानदाराला हे कळलं आणि त्यानं किलोला फक्त ५ रुपये पाडून मागितले तर?

आकडेमोड
४,२०० किलोवर महिन्याला २१,०००. तुमचे ८५ हजार चार महिन्यांत साफ, आणि भाव एकदा खाली गेला की परत चढत नाही. काका, हे गणितात बसत नाही म्हणून मी ते सोडत नाही. म्हणूनच पाच किलोची साधी पिशवी मला आवडली. छापील पाऊच नाही, तुमचं नाव नाही, दुकानात शेजारी ठेवून भाव लावता येत नाही. पुण्याच्या कंपनीचा कामगार सांगलीच्या दुकानात जाऊन भाव विचारणार नाही. मात्र तुमचाच एखादा दुकानदार पुण्यात माल पाठवत असेल तर मी पुन्हा विचार करीन.

मिरजेची_सून
ताई, मी फरसाणाचं करते म्हणून विचारते. ११२ चा माल तुम्ही कोणत्या शेंगदाण्यावर धरलाय? उन्हाळ्यात भरून ठेवलेला असेल तर तो स्वस्तच दिसणार. पण तो या ऑर्डरीत संपला की दुकानदारांसाठी दिवाळीच्या भावात पुन्हा घ्यावा लागेल. मला गेल्या वर्षी तिथंच फटका बसला. मी जुन्या भावानं हिशेब केला, ऑर्डर नफ्यात दिसली, आणि पंधरा दिवसांनी गोणी आणायला गेले तर हिशेब उलटा.

लसूणभडंग
बाई, अगदी तेच केलंय मी. शेंगदाणे मे महिन्यातले आहेत. किलो भडंगात २०० ग्रॅम जातात आणि आता किलोला १५ रुपये जास्त आहेत.

आकडेमोड
मिरजेच्या ताईंनी माझीही चूक पकडली, मी ११२ विचारलंच नाही. म्हणजे भडंगाच्या किलोला ३ रुपये, २,५०० किलोला ७,५००. तिसऱ्या वाटेचे ७७,८०० उरतात. जो माल पुन्हा घ्यावाच लागणार आहे तो आजच्या भावानंच धरायचा, तुम्ही कितीला घेतला होता ते विसरा. उलट, घरात पडून आहे, विकलाही जात नाही, वापरलाही जाणार नाही असा माल असेल तर त्याचा भाव जवळजवळ शून्य धरतात.

विश्रामबागचा
मानलं. माझे ५० हजार चुकले, पण घ्या हे बरोबरच निघालं ना!

कुपवाडकर
अजून कुठं निघालं? ताई, माल द्यायचा कधी?

लसूणभडंग
धनत्रयोदशीच्या आठ दिवस आधी सगळा एकदम. आणि आता लाज वाटते सांगायला, ४,२०० ही वर्षाची सरासरी आहे. गेल्या वर्षी दिवाळीच्या महिन्यात दुकानदारांना ५,१०० किलो गेला होता.

आकडेमोड
मग रिकामी जागा १,८०० नाही, ९०० च. १,६०० किलो जादा तासात काढायचा म्हणजे महिनाभर रोज दोन तासांहून जास्त. दर तेच राहिले तर ९०० गुणिले ४० आणि १,६०० गुणिले १९, म्हणजे ६६,४००, त्यातून शेंगदाण्याचे ७,५०० वजा. कागदावर अजून परवडतं. पण दिवाळीच्या घाईत बायका रोज दोन तास थांबतील का ते त्यांना विचारा, मला नाही. त्या थांबल्या नाहीत तर तुम्ही आपोआप दुसऱ्या वाटेवर, आणि तेही ऐन दिवाळीत दुकानदाराचा माल तोडून.

कंपनीशी एकच बोला. निम्मा माल पितृपंधरवड्यात उचलतील का? तेव्हा फरसाण, भडंग सगळ्यांचंच मंद असतं.

मिरजेची_सून
तो नरम पडेल हो. पिशवीत हवा राहिली की चुरमुरा महिनाभरात कुरकुरीत राहत नाही. आणि पाच किलोची पिशवी एकदा उघडली की संपलीच. पिशवी जाड घ्या, मग ५ रुपये धरू नका.

लसूणभडंग
बायकांना विचारलं. चौघी तयार आहेत, दोघींच्या घरी फराळाची गडबड, त्यांना जमणार नाही. कंपनीच्या माणसाला उद्या फोन करते, दोन हप्त्यांत उचला म्हणून. मिस्टर अजून १९० वरच आहेत.

गणपतीपेठी
मिस्टरांना पेठेत पाठवा. चहा पाजतो.