मराठी पटकथा इंग्रजीत नेताना : तुमचे अनुभव लिहा

धंतोलीची लेखिका

परवा कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचे ढीग लागलेले पाहिले आणि एका शब्दाने मला दोन महिने कसे अडवून धरले होते, ते सगळे पुन्हा आठवले. माझी पटकथा काटोलकडच्या दोन भावांची आहे. थोरला बाग सांभाळतो, धाकटा पुण्याला शिकून तिथेच राहिलेला आहे. एका आंतरराष्ट्रीय पटकथा स्पर्धेसाठी मी तिचा इंग्रजी अनुवाद स्वतःच केला आणि इंग्रजीच्या एका निवृत्त शिक्षिकेकडून तो तपासून घेतला.

अडचण अशी होती. अकराव्या पानावर थोरला सहज बोलून जातो, "झाडाले ताण द्या लागते, तवाच ते फुलते." संत्र्याचा बहार धरायचा तर काही आठवडे पाणी तोडतात, हे आपल्याकडे कुणाला सांगावे लागत नाही. पुढे शहाण्णवाव्या पानावर धाकटा त्याला म्हणतो, "तू मले ताणच देला, दादा. फूल काई आलं नाई." सगळी पटकथा या दोन वाक्यांच्या मध्ये उभी आहे.

पहिल्या खर्ड्यात मी सरळ 'स्ट्रेस' हा शब्द घातला. शेतीच्या दृष्टीने तो अगदी बरोबर आहे, पण शहाण्णवाव्या पानावर धाकटा कचेरीतल्या कामाच्या ताणाबद्दल कुरकुर करतो आहे असे वाटू लागले. स्पर्धेकडून जो अभिप्राय आला, त्यातही परीक्षकाने हा भाऊ ऐनवेळी मानसिक ताणाबद्दल का बोलू लागला, असाच प्रश्न विचारला होता. मग मी क्रम उलटा केला. आधी शेवटचे वाक्य इंग्रजीत कसे बोलता येईल ते ठरवले आणि त्यात जो शब्द नैसर्गिक वाटला तो अकराव्या पानावर नेऊन पेरला. तो शब्द तहानेचा निघाला. थोरला आता म्हणतो, "यू लेट अ ट्री गो थर्स्टी, ऑर इट वोन्ट फ्लॉवर." आणि धाकटा म्हणतो, "यू लेट मी गो थर्स्टी, दादा. नथिंग फ्लॉवर्ड." ताण हा शब्द गेला, पण दोन्ही पाने एकमेकांना ऐकू येऊ लागली.

ज्यांनी हे काम केले आहे, त्यांनी आपापले अडलेले वाक्य इथे जरूर लिहावे.

काटोलकर

ताई, आमची सातशे झाडे आहेत, म्हणून आधी बागेचे बोलतो. तहान हा शब्द मला पटला, कारण ताण दिलेल्या झाडाची पाने खरोखरच मलूल होतात आणि काही गळतातही. पण एक गोष्ट तुमच्याकडून राहून गेली. आम्ही 'पाणी तोडणे' म्हणतो तसेच 'ताण तोडणे'ही म्हणतो, म्हणजे ठरलेल्या वेळी पुन्हा पाणी सुरू करणे, आणि तेही पहिल्यांदा हलकेच. ती वेळ चुकली आणि ताण लांबला, तर फुलाऐवजी फांद्या वाळतात. तुमचा थोरला भाऊ बागायतदार असेल तर त्याला हे ठाऊक असणारच, आणि म्हणूनच धाकट्याचा टोमणा त्याला जास्त लागला पाहिजे.

धंतोलीची लेखिका

काका, हे वाचून मी हातातली भाजी निवडणे बाजूला ठेवले. माझा थोरला त्या टोमण्यावर काहीच बोलत नाही. त्याने "ताण तोडाचा राहूनच गेला" एवढेच म्हटले असते, तर तो प्रसंग केवढा वर गेला असता! इंग्रजीत पाणी पुन्हा सोडण्याबद्दलच बोलावे लागेल, पण तहानेचा शब्द आधीच पेरलेला असल्यामुळे ते वाक्य तिथे उभे राहील असे वाटते.

उपशीर्षकवाला

मी बरीच वर्षे चित्रपटांची उपशीर्षके लिहितो आणि अलीकडे पटकथांचे अनुवादही करतो. शेवटचे वाक्य आधी ठरवण्याची पद्धत मलाही बरोबर वाटते. संहितेत पुन्हा येणारा प्रत्येक शब्द मी आधी वेगळ्या कागदावर पानांच्या आकड्यांसह उतरवतो आणि त्याची शेवटची जागा सोडवल्याशिवाय पहिल्या जागेला हात लावत नाही.

मला त्याहून कठीण वाटते ती लय. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, त्यामुळे घाव शेवटी बसतो. एका संहितेत बाप म्हणतो, "बाबाची दवाई, तुही फी, बहिणीचं लगन, याच्यातच वावर गेलं." ऐकणाऱ्याला शेवटच्या दोन शब्दांपर्यंत कळत नाही की गोष्ट वावराची चालली आहे. इंग्रजीच्या सरळ रचनेत कर्ता आणि क्रियापद पुढे येतात, म्हणजे वावर गेल्याची बातमी आधी आणि तिची कारणे मागून. व्याकरण बिनचूक राहते आणि प्रसंग मरतो. मी ते वाक्य तोडले: "बाबाज मेडिसिन. युअर फीज. युअर आन्ट्स वेडिंग. देअर वेन्ट द फील्ड." वावर पुन्हा शेवटी गेले. असे वाक्य जमले की नाही हे डोळ्यांनी कळत नाही, मोठ्याने वाचावे लागते. वाचणाऱ्याचा श्वास मूळ वाक्यात जिथे थांबतो त्याच्या आधीच अनुवादात संपत असेल, तर वाक्य पुन्हा लिहायचे.

महालची वाचक

मी माझ्या मामांच्या पटकथेचा अनुवाद केला होता. माझे मत असे की मराठी शब्द तसेच ठेवावेत, तिरप्या अक्षरांत छापावेत आणि शेवटी अर्थांची यादी जोडावी. कादंबऱ्यांच्या अनुवादात असे करतात आणि वाचकाला त्याची अडचण होत नाही.

उपशीर्षकवाला

ताई, शब्द ठेवण्याबाबत तुम्ही बरोबर आहात. दादा, वहिनी, पोळा हे शब्द राहिलेच पाहिजेत, कारण प्रसंगावरून ते कळतात. यादी मात्र पटकथेत चालत नाही. परीक्षकापुढे संहितांचा गठ्ठा असतो आणि एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण एक मिनिट या हिशेबाने तो वेग धरून वाचत असतो. मागे जाऊन अर्थ पाहावा लागला की ते मिनिट मोडते. शब्द कळत नसेल तर कृतीच्या ओळीत तो दाखवावा. बैलांच्या शिंगांना रंग लावलेला दिसला, की पोळा म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही.

धंतोलीची लेखिका

याच समजावण्यापायी माझी १०४ पानांची संहिता इंग्रजीत १२१ पानांची झाली होती आणि स्पर्धेची मर्यादा १२० ची होती. अक्षर लहान करावे असे एकाने सुचवले, पण कुरियर १२ हा ठरलेला टंक असतो आणि तो बदलला की चटकन लक्षात येते. शेवटी मी जिथे जिथे पात्राच्या तोंडी माहिती घातली होती ती वाक्ये काढली आणि पाने ११० वर आली. कथेतले काहीही गेले नाही.

राज्य नाट्यचा जुना प्रेक्षक

आपल्याकडे राज्य नाट्य स्पर्धेत वऱ्हाडी नाटके अगदी भरभरून दाद घेतात, मग भाषा बदलायचीच कशाला? मी माझ्या एकांकिकेत 'काऊन', 'जाऊन राहिलो' हे सगळे ठेवले आणि पुण्याच्या प्रेक्षकांनाही ते कळले.

धंतोलीची लेखिका

दादा, तुमची एकांकिका मराठी प्रेक्षकांसमोर झाली, आणि माझ्या परीक्षकाला मराठीच येत नाही, एवढाच फरक आहे. पण वऱ्हाडीचा विषय तुम्ही काढलात हे बरे झाले. पहिल्या खर्ड्यात मी थोरल्याच्या इंग्रजीतली अक्षरे गाळली होती, शब्दांचे शेवट तोडले होते. आमच्या शिक्षिकांनी ती पाने वाचून विचारले की हा माणूस काटोलचा आहे की अमेरिकेच्या दक्षिणेकडचा.

तेव्हा मी दोघांच्या मराठीतला फरक नीट पाहिला. धाकटा प्रमाण मराठी बोलतो आणि त्याच्या वाक्यांत 'कारण', 'तरीसुद्धा', 'म्हणून' सतत येतात. थोरला एका श्वासात एकच गोष्ट सांगतो. म्हणून इंग्रजीत मी धाकट्याला लांब, जोडलेली वाक्ये दिली आणि थोरल्याच्या बोलण्यातली उभयान्वयी अव्यये जवळजवळ सगळी काढून टाकली. शहाण्णवाव्या पानावर रागाच्या भरात धाकटा वऱ्हाडीत येतो, तिथे त्याचीही वाक्ये पहिल्यांदा तुटतात. परीक्षकाला वऱ्हाडी कळणार नाही, पण हा माणूस इथे घरच्या बोलीत परतला हे कळावे, एवढी माझी अपेक्षा होती.

अंबाझरी

डबे भरता भरता लिहिते आहे. माझे अडलेले वाक्य एका शब्दाचे होते. निघताना आपण 'येतो' म्हणतो, 'जातो' म्हणत नाही. माझ्या पटकथेत मुलगा उंबऱ्यावर मुद्दाम 'जातो' म्हणतो आणि आई दचकते. इंग्रजीत जाण्याबद्दल कसेही लिहिले तरी दचकण्यासारखे त्यात काहीच नाही. खूप दिवसांनी मी आईला एक नवे वाक्य दिले. मुलगा म्हणतो, "आय ॲम गोइंग." आई म्हणते, "से यू आर कमिंग बॅक." मूळ मराठीत आई काहीच बोलत नाही आणि ते न बोलणे मला फार प्रिय होते. अजूनही वाटते की तिला बोलायला लावून मी तिचे काहीतरी हिरावले.

उपशीर्षकवाला

अंबाझरी ताई, मी असतो तर आईचा हात दाराच्या कडीवर ठेवला असता आणि तिला गप्पच ठेवले असते. पण 'जातो' अशुभ आहे हे त्यातून कळले असते का, याबद्दल माझी खात्री नाही. तुमचा उपाय वाईट म्हणता येणार नाही.

महालची वाचक

एक अनुभव सांगायचा राहिला. प्रवेशशुल्क भरून झाल्यावर नियमावली नीट वाचली, तेव्हा कळले की त्या स्पर्धेला मूळ इंग्रजीत लिहिलेलीच पटकथा हवी होती आणि अनुवाद बाद होता. शुल्क परत मिळाले नाही. शिवाय संहितेच्या कोणत्याही पानावर नाव नको होते आणि मी पहिल्या पानावर मामांचे व माझे नाव छापले होते. पुढच्या वेळी मामांची लेखी संमती आधी घेतली आणि आयोजकांना अनुवाद चालतो का हे पत्र लिहून विचारले, मगच पैसे भरले.

राज्य नाट्यचा जुना प्रेक्षक

आता प्रश्न नीट समजला, म्हणून माझी खरी अडचण विचारतो. माझ्या एकांकिकेत दीर वहिनीला आयुष्यभर 'तुम्ही' म्हणतो आणि शेवटच्या प्रवेशात एकदाच 'तू' म्हणतो. इंग्रजीत दोन्हीकडे एकच शब्द आहे. मग काय करायचे?

धंतोलीची लेखिका

नाटकभर त्याला 'वहिनी' हा शब्द प्रत्येक वाक्यात वापरायला लावावा आणि त्या एका ठिकाणी तिचे नाव घ्यायला लावावे, असे मला सुचते. पण 'तू' हा नकळत निसटतो, आणि नाव माणूस ठरवून घेतो. तुमच्या दिराच्या तोंडून तो शब्द निसटला होता की त्याने ठरवून उच्चारला होता?

राज्य नाट्यचा जुना प्रेक्षक

निसटला होता. म्हणजे नाव घेऊन चालणार नाही.

काटोलकर

'वहिनी' म्हणायचेच त्याच्याकडून राहून गेले, असे नाही का करता येणार?