मदत हवी आहे: १.४७ चा ब्लॉक नसताना ५८.४७४ मिमी कमीत कमी स्लिप गेजमध्ये कसं बसवावं?

२०० मिमीच्या साइन बारवर १७ अंश लावायचे आहेत. २०० × sin १७° म्हणजे ५८.४७४ मिमी. सेट ८७ नगांचा आहे. नेहमीसारखं शेवटच्या आकड्यापासून एकेक अंक काढत गेलो: १.००४ + १.४७ + ६ + ५०. चारच ब्लॉक, छान बसलं.

अडचण अशी की १.४७ च्या कडेला गंज धरला आहे. पेट्रोलने पुसून, शॅमॉयने कोरडा करूनही तो रिंग होत नाही, हाताला सरळ सुटून येतो. घासायचा दगड आमच्याकडे नाही, आणि जबरदस्तीने सरकवला तर शेजारचा ब्लॉकही ओरखडेल, म्हणून तो बाजूलाच ठेवला आहे. दुसरा सेट मिळणार नाही.

त्याच्याशिवाय दोन जुळण्या निघाल्या, दोन्ही पाच ब्लॉकच्या:

१.००४ + १.२२ + १.२५ + ५ + ५०
१.००५ + १.००९ + १.४६ + ५ + ५०

एक सांधा वाढला की फिल्मची आणि ब्लॉकच्या चुकीची भर पडते, म्हणून चारच हवे होते. ८७ च्या सेटमध्ये १.४७ वगळून चार ब्लॉकची जुळणी कुणाला सापडते का? नसेल, तर या दोनपैकी कुठली घ्यावी आणि का?