वजा चिन्ह लिहायचे की गाळायचे? बारावीच्या प्रेरित ईएमएफच्या गणितांवरून वाद

गुणग्राहक:
बारावीच्या ईएमएफच्या वर्कशीटमध्ये वजा चिन्हाचे उगाच स्तोम माजवले आहे. परीक्षेत किंमत विचारतात. फ्लक्समधला फरक काढा, वेळेने भागा, व्होल्ट लिहा, आणि दिशा विचारलीच तर 'प्रवाह आपल्या कारणाला विरोध करतो' हे वाक्य जोडा. मुलांना चिन्हांत गुंतवणारे शिक्षक केवळ स्वतःची हौस भागवून घेतात.

तांब्याची तार:
हौस कोणाची आणि नुकसान कोणाचे, ते एका गणितावरूनच पाहू. २०० वेढ्यांची, ५० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाची कॉइल ०.४ टेस्लाच्या एकसमान क्षेत्रात अशी धरली आहे की तिचे प्रतल क्षेत्राला लंब आहे. ती ०.१ सेकंदात एका व्यासाभोवती १८०° फिरवली. परिपथाचा एकूण रोध २० ओहम आहे. सरासरी ईएमएफ किती?

तुमच्या पद्धतीने जाणारा विद्यार्थी सर्व वेढ्यांचा मिळून सुरुवातीचा फ्लक्स ०.४ वेबर काढतो. फिरवल्यावरही प्रतल क्षेत्राला लंबच राहिले असल्यामुळे तो शेवटचा फ्लक्सही ०.४ वेबर लिहितो, एकातून दुसरा वजा करतो आणि उत्तर देतो शून्य व्होल्ट. हे उत्तर मी हुशार मुलांच्या वह्यांत पाहिले आहे. त्यांचा गुणाकार चुकलेला नसतो. त्यांनी कॉइलला दोन बाजू आहेत हे कागदावर कोठेच नोंदवलेले नसते.

नोंदवायची रीत सोपी आहे. कॉइलच्या एका बाजूवर लंबाचा बाण काढायचा आणि तो कॉइलला चिकटलेलाच आहे असे मानायचे. सुरुवातीला बाण क्षेत्राच्या दिशेने असल्यामुळे फ्लक्स +०.४ वेबर, १८०° नंतर तोच बाण उलटा झाल्यामुळे −०.४ वेबर. बदल −०.८ वेबर, आणि e = −ΔΦ/Δt मध्ये घातल्यावर सरासरी ईएमएफ +८ व्होल्ट. तेव्हा ज्या चिन्हाला आपण स्तोम म्हणता, ते गाळल्यावर केवळ दिशा जात नाही, किंमतच जाते.

कोकणकडा:
किंमत आठ व्होल्ट हे मान्य, पण लेन्झचा नियम येथे नीट लावला तर भलतेच काही दिसते. पहिल्या ९०° मध्ये फ्लक्स कमी होत जातो, म्हणून प्रवाह त्याला टिकवू पाहतो. पुढच्या ९०° मध्ये फ्लक्स पुन्हा वाढतो, म्हणून प्रवाह त्याला अडवू पाहतो. म्हणजे मध्यावर प्रवाहाची दिशा उलटली पाहिजे. मग पहिल्या अर्ध्यातला प्रभार एका दिशेने, दुसऱ्या अर्ध्यातला उलट दिशेने, आणि बेरीज शून्य. त्या मुलांचे शून्य इतके वाईट नाही!

तांब्याची तार:
आपले निरीक्षण खरे आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. क्षेत्र आपल्यापासून दूर, कागदात जाते आहे असे समजा आणि कॉइलकडे एकाच जागेवरून पाहत राहा. पहिल्या पाव फेरीत कागदात जाणारा फ्लक्स घटतो, म्हणून प्रवाह घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वाहताना दिसेल. दुसऱ्या पाव फेरीत तो वाढतो, म्हणून प्रवाह काट्यांच्या उलट दिशेने दिसेल. मात्र मधल्या काळात कॉइलची पाठ आपल्याकडे झालेली आहे. तारेवर रंगाने एक बाण काढून ठेवला असता तर तोही आता उलट दिशेने फिरताना दिसला असता. तारेच्या दृष्टीने प्रवाह संपूर्ण १८०° मध्ये एकाच दिशेने वाहिला.

गॅल्व्हानोमीटर तारेच्या टोकांना जोडलेला असतो, आपल्या डोळ्यांना नव्हे. म्हणून काटा एकाच बाजूला झेप घेतो. वाहिलेला प्रभार म्हणजे ०.८ भागिले २०, अर्थात ०.०४ कूलॉम, आणि गंमत अशी की कॉइल ०.१ ऐवजी ०.३ सेकंदात फिरवली तर ईएमएफ एक तृतीयांश होतो, प्रभार मात्र तेवढाच राहतो. बॅलिस्टिक गॅल्व्हानोमीटरने क्षेत्र मोजण्याची जुनी पद्धत याच गोष्टीवर उभी होती. कॉइल हाताने झटकन उलटायची, आणि नेमका किती वेळ लागला याची फिकीर करायची नाही. आपले शून्य खरे असते तर त्या उपकरणाचा काटा जागचा हललाच नसता.

कोकणकडा:
पाठ फिरल्याचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. पण मग ईएमएफ मध्यावर शून्यातून जायला नको का? फ्लक्स तर तेथे शून्यच असतो.

तांब्याची तार:
उलट तेथेच तो सर्वाधिक असतो. एकसारख्या वेगाने फिरवली असे धरल्यास कोनीय वेग ३१.४ रेडियन प्रति सेकंद आणि शिखर ईएमएफ सुमारे १२.६ व्होल्ट येतो, तोही फ्लक्स शून्य असतानाच, कारण त्या क्षणी तो सर्वांत वेगाने बदलत असतो. दोन्ही टोकांना ईएमएफ शून्य असतो. सरासरी ८ आणि शिखर १२.६ यांचा मेळ बसतो का ते पाहायचे असेल तर १२.६ ला २/π ने गुणा.

एक पालक:
मी भौतिकशास्त्राचा माणूस नाही, पण हाच प्रश्न आमच्या घरी वादाचा झाला आहे. मुलीने अगदी अशाच गणितात −८ व्होल्ट लिहिले आणि तिच्या क्लासमध्ये अर्धे गुण कापले. वजा चिन्ह लिहा असे आपण म्हणता. तिने लिहिले, तरी शिक्षा! सूत्रातच वजा आहे, मग उत्तरात वजा आला तर बिघडले काय?

गुणग्राहक:
पाहा, मी हेच सांगत होतो. चिन्ह लिहिणाऱ्यालाच दंड होतो. तिने नुसते ८ लिहिले असते तर पूर्ण गुण मिळाले असते.

तांब्याची तार:
दंड योग्य होता की नाही, ते तिने लंबाचा बाण कोणत्या बाजूला काढला होता यावर अवलंबून आहे. सुरुवातीला बाण क्षेत्राच्या उलट धरला असेल तर फ्लक्स −०.४ वरून +०.४ वर गेला आणि −८ हे उत्तर निर्दोष आहे. बाण क्षेत्राच्या दिशेने धरला असेल तर ते चूक आहे, कारण बदल स्वतःच वजा आहे आणि दोन वजा मिळून अधिक झाले पाहिजेत. बाण काढलाच नसेल, फरक सरळ ०.८ मांडून सूत्रातला वजा सवयीने पुढे चिकटवला असेल, तर त्या वजाला काही अर्थ नाही आणि नुसत्या ८ लाही त्याहून अधिक अर्थ नाही.

एक पालक:
वहीत आकृती आहे, बाण नाही. पण प्रश्नातही बाण नव्हता. प्रश्नकर्त्याने जे दिले नाही त्यासाठी मुलीने गुण का गमवावेत?

धावपट्टी:
बाणाचे राहू द्या. याच वर्कशीटमध्ये ते विमानाचे गणित आहे, त्यावर कोणी बोलत नाही! पंखांची टोके २५ मीटर अंतरावर, वेग ताशी १८०० किलोमीटर, भूचुंबकीय क्षेत्र ५×१०⁻⁴ टेस्ला, नती ३०°, आणि उत्तर ३.१ व्होल्ट. आमच्या सरांना मी विचारले होते की मग त्यावर टॉर्चचा बल्ब का लावत नाहीत, तर त्यांनी मला वर्गाबाहेर उभे केले. पुढे मी विमानांच्या देखभालीत उमेदवारी केली, तेव्हा पंखांच्या कडांना लावलेल्या बारीक दांड्या स्वतः पाहिल्या. पंखांवर साठलेला प्रभार सोडून देण्यासाठीच त्या असतात. म्हणजे ही वीज खरी आहे आणि ती वाया जाते.

गुणग्राहक:
विमानाचे गणित अगदी सरळ आहे. B चा ऊर्ध्व घटक, गुणिले लांबी, गुणिले वेग. त्यात आता बल्ब कशाला आणता?

तांब्याची तार:
त्या दांड्यांचा या गणिताशी संबंध नाही. पाऊस, धूळ, बर्फाचे कण पंखांवर घासून जो स्थिर प्रभार जमतो, तो हवेत सोडण्यासाठी त्या असतात. एरवी त्याचा रेडिओला उपद्रव होतो.

बल्बचा प्रश्न मात्र उत्तम होता. टोकांमध्ये विभवांतर असते आणि उत्तर गोलार्धात विमान कोणत्याही दिशेला उडाले तरी डावे टोक धन होते, कारण क्षेत्राचा ऊर्ध्व घटक खाली जमिनीकडे असतो. पण बल्बच्या तारा विमानातूनच जाणार. त्याही त्याच वेगाने तेच क्षेत्र कापतात आणि त्यांच्यातही तेवढाच ईएमएफ तयार होतो. पंख आणि तारा मिळून जे बंद वेटोळे होते त्यातला फ्लक्स एकसमान क्षेत्रात बदलतच नाही, म्हणून बल्ब लागत नाही. प्रवाह नाही म्हणून विरोध करणारे बलही नाही. लेन्झच्या नियमाला येथे कामच उरत नाही. वर्कशीटमध्ये याच गणिताच्या पोटात 'लेन्झप्रमाणे विमानाचा वेग कमी होईल का' असा उपप्रश्न असतो आणि उत्तरसूचीत 'होय' छापलेले असते, त्याचा मला खरा राग आहे.

शिवाय क्षेत्राची किंमतच दहापट फुगवलेली आहे. पृथ्वीच्या पृष्ठभागावर ते साधारण २.५ ते ६.५ ×१०⁻⁵ टेस्ला असते, म्हणजे ३.१ च्या जागी तीन दशांश व्होल्टच्या आसपास उत्तर यायला हवे.

धावपट्टी:
म्हणजे जे मोजताच येत नाही, ते मुलांकडून काढून घेतात! सरांनी मला उगाच बाहेर काढले तर.

कोकणकडा:
मोजता येते, फक्त मोजणारा विमानात नको. रेल्वेचा आस घ्या. ब्रॉडगेजच्या रुळांतले अंतर १.६७६ मीटर, वेग ताशी १०८ किलोमीटर, ऊर्ध्व घटक २×१०⁻⁵ टेस्ला धरला तर एक मिलिव्होल्ट येतो. येथे रूळ जमिनीवर स्थिर आहेत, आस पुढे सरकतो आणि वेटोळ्याचे क्षेत्रफळ खरोखरच बदलते. मीटर रुळांना जोडला तर तो वाचन देईल, प्रवाह वाहील आणि विरोधही होईल, कितीही नगण्य असो. या वेळी तरी माझा लेन्झ बरोबर आहे ना?

तांब्याची तार:
बरोबर आहे, रूळ एकमेकांपासून विलग असतील तर.

गुणग्राहक:
ठीक आहे. १८०° च्या गणितापुरते चिन्ह लागते, हे मी आपल्या विद्वत्तेपुढे नतमस्तक होऊन मान्य करतो. पण वर्कशीटमधल्या बाकीच्या गणितांत कॉइल क्षेत्राबाहेर ओढतात किंवा क्षेत्र शून्यावर आणतात. तेथे शेवटचा फ्लक्स शून्यच असतो, बाण कसाही काढला तरी किंमत तीच येते. तेथे चिन्हासाठी गुण कापणे हा अन्याय आहे आणि ते मी मान्य करणार नाही.

तांब्याची तार:
तेथे कापू नयेत, यावर आपले एकमत आहे. मात्र प्रश्नात 'किंमत काढा' असे स्पष्ट लिहिलेले असले पाहिजे, आणि दिशा हवी असेल तर बाण प्रश्नकर्त्यानेच आकृतीत काढून दिला पाहिजे.

एक पालक:
मग माझ्या मुलीचे अर्धे गुण परत मागू की नको?

गुणग्राहक:
अवश्य मागा.

तांब्याची तार:
मागण्यापूर्वी तिला एवढेच विचारा की तिच्या −८ मध्ये तारेच्या कोणत्या टोकाकडून प्रवाह बाहेर पडतो. तिला ते आकृतीत दाखवता आले तर गुण तिचेच आहेत.