मदत हवी आहे: 90 शब्दांचा उतारा 30 शब्दांत, तोही स्वतःच्या भाषेत. जमंना झालंय!

नंदगडी_पोरगा

नमस्कार मंडळी. यूपीएससी मेन्सची तयारी करायलोय. भारतीय भाषेच्या पेपरला मराठी घेतलंय. पेपर 300 गुणांचा, त्यात सारांशलेखनाला 60. नुसता पास व्हायचा पेपर आहे, गुण मेरिटमध्ये धरत नाहीत, पण इथं नापास झालो तर बाकीचे पेपर तपासतच नाहीत, म्हणून धास्ती आहे. उतारा एक तृतीयांश करायचा आणि स्वतःच्या शब्दांत लिहायचा. मी लिहिलं की उताऱ्यातलीच वाक्यं येतात, वर शब्दही जास्त होतात. सरावाचा एक उतारा देतो, 90 शब्दांचा (जोडशब्द एकच धरलाय):

> बेळगाव जिल्ह्याच्या पश्चिमेला सह्याद्रीच्या रांगा आहेत. खानापूर तालुक्यातल्या कणकुंबी, जांबोटी या भागात पावसाळ्याचे चार महिने पावसाची नुसती झोड उठलेली असते. तिथे भात, नाचणी अशी पिके घेतली जातात आणि ओढे-नाले दुथडी भरून वाहतात. याउलट पूर्वेकडच्या अथणी तालुक्यात आभाळ भरून येते, पण पाऊस हुलकावणी देतो. कारण अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाने भरलेले वारे डोंगर चढताना थंड होतात आणि पाणी तिथेच रिते करतात. डोंगर ओलांडून पुढे जाईपर्यंत त्यांच्यातला ओलावा संपत आलेला असतो. म्हणूनच पूर्वेकडच्या शेतकऱ्याला ज्वारीसारखे कमी पाण्यावर येणारे पीक घ्यावे लागते, नाहीतर कृष्णेच्या पाण्यावर ऊस करावा लागतो. एकाच जिल्ह्यात अशी दोन टोके नांदतात.

माझा सारांश, 41 शब्द:

> बेळगाव जिल्ह्याच्या पश्चिमेला सह्याद्रीच्या रांगा आहेत. तिथे पावसाची झोड उठते, भात, नाचणी अशी पिके घेतली जातात. पूर्वेकडच्या अथणी तालुक्यात पाऊस हुलकावणी देतो. वारे डोंगर चढताना थंड होतात आणि पाणी तिथेच रिते करतात. म्हणून पूर्वेकडे ज्वारीसारखे कमी पाण्यावर येणारे पीक घ्यावे लागते.

यातून 11 शब्द कुठले काढू?

शब्दप्रेमी

सोपं आहे भावा. प्रत्येक शब्दाला समानार्थी शब्द टाक. डोंगरला पर्वत, थंडला शीतल, पाण्याला जल. मग कॉपी केली असं कोण म्हणणार? शब्दसंग्रह पण दिसतो.

नंदगडी_पोरगा

केलं बघा: "पवन पर्वत चढताना शीतल होतात आणि जल तिथेच रिक्त करतात." हे वाचून मलाच हसू यायलंय. शब्दही तेवढेच राहिले.

निपाणीचे_मास्तर

शब्दप्रेमींचं निम्मं बरोबर आहे. उताऱ्यातली शब्दांची माळ जशीच्या तशी उचलायची नाही हे खरं. पण मणी बदलून दोरा तोच ठेवला तर तपासणाऱ्याला दोरा दिसतोच. पर्वत आणि शीतल टाकूनही वाक्याची चाल उताऱ्याचीच राहिली. उलट डोंगर, वारे, पाऊस असे साधे शब्द सारांशात आले तर काही बिघडत नाही. सह्याद्री, बेळगाव या नावांना तर पर्यायच नाही. सलग तीन-चार शब्द त्याच क्रमाने आले की खटकतं. तुमच्या सारांशात पहिलं वाक्य अख्खं तसंच आहे.

आता शब्द कुठले काढायचे हा प्रश्नच सोडा. 41 मधले 11 खोडत बसलात तर उरलेले 30 उताऱ्याचेच असणार. मी मुलांना उतारा दोनदा वाचायला लावायचो, मग वही पालथी घालायला सांगायचो आणि विचारायचो, "हा माणूस काय सांगायलाय?" तुमच्या उताऱ्याचं उत्तर एका दमात येतं: डोंगरामुळे एका बाजूला पाऊस पडतो, दुसऱ्या बाजूला नाही, म्हणून शेती वेगळी. उताऱ्यात कारण मध्ये दडलंय, आधी दृश्य रंगवलंय. सारांशात कारण पुढे घ्या. क्रम उलटला की वाक्यं आपोआप तुमची होतात, कारण उताऱ्यातली वाक्यं त्या क्रमात बसतच नाहीत.

मग गाळायचं काय? झोड, दुथडी, हुलकावणी हा रंग आहे, तो जाऊ दे. कणकुंबी, जांबोटी, अथणी ही उदाहरणं, त्यांच्या जागी पश्चिम आणि पूर्व पुरे. ज्वारी आणि ऊस यांचा एकेक गट करा. मी असं लिहीन, 32 शब्द:

> दमट वारे सह्याद्रीला अडून पश्चिमेतच बरसतात. पलीकडे कोरडेच पोहोचतात. त्यामुळे बेळगाव जिल्ह्यात पर्जन्यमान असमान असून, पश्चिमेला भरपूर पाणी मागणारी पिके होतात, तर पूर्वेकडच्या शेतीला दुष्काळ सोसणाऱ्या पिकांवर किंवा नदीच्या सिंचनावर विसंबावे लागते.

चिकोडीची_आई

माझा मुलगा आठवीत आहे. त्याच्या बाई सारांशाला शीर्षक नसेल तर गुण कापतात. तुम्ही कुणीच शीर्षक दिलं नाही! शिवाय कवितेचा सारांश असेल तर हीच पद्धत का?

निपाणीचे_मास्तर

ताई, शाळेत शीर्षक मागतात, तिथं द्यायचंच. यूपीएससीच्या प्रश्नात मात्र शीर्षक देऊ नका असं लिहिलेलं असतं. प्रश्नाची ओळ वाचून ठरवावं. कवितेचा भावार्थ हे वेगळं काम, त्यात शब्दांची अट सहसा नसते.

ऊसवाला_अथणी

मास्तर, एक विचारू? नाचणीला कुठं भरपूर पाणी लागतंय? ती तर वरकस जमिनीवर येती. उताऱ्यात नुसतं "भात, नाचणी घेतात" एवढंच आहे. भरपूर पाणी मागणारी हे तुम्ही घातलंय. आणि आमच्याकडं वारं अगदीच कोरडं येत नाही, उताऱ्यात पण "संपत आलेला" आहे. आणखी एक, अथणीला आता ऊसच जास्त दिसतो, ज्वारीचं नाव आधी कशाला?

निपाणीचे_मास्तर

पहिल्या दोन गोष्टी बरोबर पकडल्यात. उदाहरणांचा गट करताना नेमकं असंच होतं: दोन नावांना एक विशेषण चिकटवायला जातो आणि उताऱ्यात नसलेली गोष्ट आत शिरते. असं विशेषण सुचलं की उताऱ्यातल्या कुठल्या शब्दावरून आलं ते बोट ठेवून दाखवता यायला हवं, नाहीतर काढून टाकावं. पश्चिमेच्या पिकांचं वाक्य काढलं तर सात शब्द मोकळे होतात. त्यातले पाच मी अर्थ नेमका करायला वापरले. आता बरोबर 30:

> अरबी समुद्रावरचे दमट वारे सह्याद्रीला अडून पश्चिमेतच बरसतात; पलीकडे जवळजवळ कोरडेच पोहोचतात. त्यामुळे एकाच बेळगाव जिल्ह्यात पर्जन्यमान अतिशय असमान असून, पूर्वेकडच्या शेतीला दुष्काळ सोसणाऱ्या पिकांवर किंवा नदीच्या सिंचनावर विसंबावे लागते.

तिसऱ्या गोष्टीबद्दल: तुमचं शेतातलं निरीक्षण खरं असेल, पण सारांशात उतारा दुरुस्त करायचा नसतो. लेखकाचं म्हणणं पटो न पटो, तेच आखडून द्यायचं.

नंदगडी_पोरगा

मास्तर, कारण पुढे घ्यायचं हे डोक्यात बसलं. पण परीक्षेत शब्द मोजत बसायला वेळ कुठला? आणि ओढे-नाले एक शब्द की दोन?

निपाणीचे_मास्तर

आधी तुमच्या अक्षरात एका ओळीत सरासरी किती शब्द बसतात ते घरी बघून ठेवा. सात बसत असतील तर 30 शब्दांना चार ओळी आणि थोडं वर. लिहिताना ओळी मोजायच्या, शेवटी एकदाच नीट शब्द मोजायचे. प्रश्नात "सुमारे" असेल तर एक-दोन शब्द इकडेतिकडे चालावेत. जोडशब्द मी एकच धरतो.

शब्दप्रेमी

आमच्या क्लासचे सर दोन धरायचे.

ऊसवाला_अथणी

मग ओढे-नाले लिहूच नका, नुसतं ओढे लिहा. भांडण मिटलं.