सिग्नलला डी मध्ये गाडी थरथरते, न्यूट्रलला शांत: फाउंडेशन की मिसिंग? अनुभव लिहा

माझी पेट्रोल गाडी आहे, टॉर्क कन्व्हर्टरवाली ऑटोमॅटिक. मुंबई नाक्याच्या सिग्नलला ब्रेक दाबून डी मध्ये उभी राहिली की सीट आणि स्टिअरिंग थरथरतं. न्यूट्रल केलं की बरंच कमी. एक गॅरेजवाला म्हणतो फाउंडेशन गेलं, दुसरा म्हणतो मिसिंग आहे. ज्यांनी हे भोगलंय त्यांनी सांगा, शेवटी काय निघालं आणि कळलं कसं?

पंचवटीकर: न्यूट्रलला थांबतं ना? मग फाउंडेशनच. मी सगळी बदलली, विषय संपला.

सिडकोवाली: माझी तर घोटीच्या रस्त्याला ऐंशीच्या पुढे थरथरते. हेही तेच का हो?

अंबडचा मिस्त्री: ताई, तुमचं वेगळं, आधी चाकांचं बॅलन्सिंग करून घ्या. पंचवटीकर, एवढं सरळ नाही. डी मध्ये ब्रेकवर उभं असताना कन्व्हर्टरचा भार इंजिनावर असतो. न्यूट्रलला तो उतरतो, त्यामुळे मिसिंगसुद्धा सौम्य वाटतं.

आमच्याकडे अशीच एक आली होती. फाउंडेशनमधलं तेल गळून खाली काळा ओघळ आलेला, म्हणून सगळे त्याच्याच मागे. आम्ही एकाला आत बसवलं, हँडब्रेक ओढून ब्रेक पूर्ण दाबायला लावला, बॉनेट उघडून बाजूला उभे राहिलो (गाडीच्या पुढे कधी उभं राहायचं नाही) आणि डी, मग आर टाकायला सांगितलं. इंजिन जरा झुकलं, पण उसळलं नाही. न्यूट्रलला मात्र सायलेन्सरचा ठेका मधूनच चुकत होता. फाउंडेशनने ठेका चुकत नाही. स्कॅनरला P0302 आला. दोन नंबरची कॉइल तीनवर टाकली, कोड पुसून गाडी फिरवली, तर P0303. म्हणजे दोष कॉइलबरोबर सरकला. जागेवरच राहिला असता तर प्लग, इंजेक्टर आणि शेवटी कॉम्प्रेशन बघावं लागलं असतं. नवी कॉइल टाकल्यावर झटके गेले, डी मधली बारीक थरथर उरलीच. ती फाउंडेशन बदलल्यावर गेली. दोन्ही होतं हो!

गंगापूर रोड: मी स्वस्तातलं फाउंडेशन टाकलं आणि थरथर वाढली. रबर दगडासारखं कडक. बोल्ट ढिले करून, इंजिन बसू देऊन पुन्हा आवळले, थोडा फरक पडला. कंपनीचं टाकल्यावर बरी झाली, पण एसी लावला की अजून जाणवतं. त्याचं कारण कोणी सांगेल का?

धागाकर्ता: मिस्त्री, आज तसंच करून पाहिलं. आर टाकला की इंजिन चांगलंच उचलतं. स्कॅनरला कोड काही नाही. मग फाउंडेशन पक्कं?

अंबडचा मिस्त्री: उचलतंय म्हणजे ते बदलायचंच. पण कोड नाही म्हणून मिसिंग नाही असं धरू नका. थोडं असेल तर दिवा लागत नाही. स्कॅनरवर सिलिंडरनिहाय मिसफायरची मोजणी दिसत असेल तर इंजिन गरम झाल्यावर डी मध्ये पाहा, आणि आकडे इथे टाका.