विधान-निष्कर्षात 'एकतर १ किंवा २' नेहमी चुकतं, मदत हवी आहे

तयारी_चालू:
कुठलाही सराव पेपर सोडवला तरी विधान-निष्कर्षाचा एक प्रश्न जातोच, आणि तो नेमका 'एकतर १ किंवा २' उत्तराचा असतो. कालचा बघा.
विधाने: सर्व पेन वह्या आहेत. काही वह्या पुस्तके आहेत.
निष्कर्ष: १) काही पेन पुस्तके आहेत. २) एकही पेन पुस्तक नाही.
आकृती काढली. दोन्ही ठामपणे निघत नाहीत, म्हणून 'दोन्ही नाही' निवडलं. उत्तरसूचीत 'एकतर १ किंवा २'. का?

अनुजा_स:
दोन्ही निघत नसतील आणि एक होकारार्थी, दुसरा नकारार्थी असेल तर डोळे झाकून 'एकतर' मारायचं.

गोलमेज:
वर्तुळं मलाही छळतात! गोल टेबलाभोवती बसवताना डावं-उजवं उलटंच होतं.

तर्कशिकवणी:
गोलमेज, ती बैठक व्यवस्था. तिचा वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.

तयारी, तुमची तपासणी चुकलेली नाही, एक पायरी राहिली आहे. पेनचं वर्तुळ वह्यांच्या आत आहे. पुस्तकांचं वर्तुळ वह्यांमध्ये शिरतं, पण किती आत ते सांगितलेलं नाही. ते पेनला टेकलं की १ खरा, अलीकडेच थांबलं की २ खरा. तिसरी आकृती काढून बघा, निघणारच नाही. म्हणजे कुठला खरा ते माहीत नसलं तरी दोघांपैकी एक खरा असणारच. दोन्ही निष्कर्ष सुटे तपासून झाले, की एवढंच विचारायचं: दोन्ही एकाच वेळी खोटे पडतील अशी आकृती निघते का? निघाली तर 'दोन्ही नाही'.

अनुजा, तुमचा नियम इथे लागू पडला, पण पहिला निष्कर्ष 'सर्व पेन पुस्तके आहेत' असा करा. आता पुस्तकांचं वर्तुळ अर्धेच पेन झाकू शकतं. मग 'सर्व' खोटं, 'एकही नाही' पण खोटं. एक होकारार्थी, एक नकारार्थी असूनही उत्तर 'दोन्ही नाही'.

आणि ही पायरी शेवटचीच ठेवा. मूळ प्रश्नात दुसरं विधान 'सर्व वह्या पुस्तके आहेत' असतं, तर १ ठामपणे निघाला असता आणि उत्तर 'फक्त १' झालं असतं. निष्कर्षांची जोडी तीच आहे म्हणून घाईने 'एकतर' निवडणारेही बरेच असतात.

तयारी_चालू:
आता कळलं, मी सुटं तपासून थांबत होतो. पण 'काही पेन पुस्तके आहेत' आणि 'काही पेन पुस्तके नाहीत' अशी जोडी आली तर? हे दोन्ही एकदम खरेही असू शकतात ना?

तर्कशिकवणी:
असू शकतात. पण दोन्ही खोटे पडू शकत नाहीत, म्हणून बहुतेक ठिकाणी उत्तर 'एकतर' धरतात. मीही तसंच शिकवतो. तुमच्या परीक्षेच्या जुन्या अधिकृत उत्तरसूचीत मात्र एकदा पडताळा.

अनुजा_स:
मला हे पटत नाही. 'एकतर' म्हटलं की दोन्ही खरे कसे चालतील?