अनुभव धागा: सहल, घाट आणि गाडी लागण्याची गोळी

पावसची_लेक

काल शाळेच्या ग्रुपवर मेसेज आला. सहल पन्हाळा-कोल्हापूर, बस रत्नागिरीहून पहाटे 5 ला सुटणार, "ज्यांना गाडी लागते त्यांना गोळी देऊनच पाठवावे". कुठली, किती, कधी, काही नाही. खाली सगळ्या आयांचे अंगठे.

मला आमची सातवीची सहल आठवली. एका मुलीला घरून गोळी देऊन पाठवलेलं. साखरप्याला ती "मळमळतंय" म्हणाली तर बाईंनी पर्समधली आणखी एक दिली. घरची एक आधीच पोटात आहे हे कोणी बोललंच नाही. आंबा घाटात उलटी झाली नाही, सगळे खूश. पन्हाळ्यावर आम्ही उतरून तीन दरवाजा बघून आलो आणि अंबरखान्यापाशी मोजणीत एक कमी. ती शेवटच्या सीटवर झोपलेली, ड्रायव्हर बस बंद करून जेवायला गेलेला! आणली तेव्हा गालावर रेक्झिनच्या शिवणीचा वळ, पाय लटपटत होते, नाव विचारलं तर नुसतं "हं". संध्याकाळपर्यंत बाई तिला धरून बसल्या होत्या.

माझी लेक 9 वर्षांची आहे. तुम्ही काय देता, किती झोप येते, तिकडे कोण बघतं? लिहा प्लीज.

फणसपोळी

आलेपाक द्या हो. आणि खिडकीची सीट. आमच्या वेळी कुठे होत्या गोळ्या, लिंबू हुंगत कोल्हापूर गाठायचो. (ओकायचोही, ते सोडा.)

दुकान_चिपळूण

माझं मेडिकल आहे. डिसेंबर उजाडला की रोज चार जण येतात, "सहलीची गोळी द्या". आपल्याकडे बहुतेक वेळा ॲव्होमिन मागतात, म्हणजे प्रोमेथाझिन, 25 मिलिग्रॅमची गोळी. 5 ते 9 वर्षांना अर्धी, 10 च्या पुढे एक, तीही दिवसातून एकदाच. 5 च्या आतल्याला मी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देत नाही, आणि 2 च्या आतल्याला तर हे औषध द्यायचंच नाही. श्वास मंदावून बाळं दगावलेली आहेत.

लोकांचं गणित वेळेत चुकतं. बस सुरू झाल्यावर गोळी दिली तर ती लागू पडेपर्यंत नाणीज मागे पडलेलं असतं. प्रवासाच्या तास-दोन तास आधी पोटात हवी. तुमची बस 5 ला म्हणजे पहाटे 3-4 ला पोराला उठवून गोळी, आणि गुंगीचा भर नेमका पन्हाळ्याच्या तटावर. त्यापेक्षा आदल्या रात्री झोपताना अर्धी द्यावी. औषध अंगात बराच वेळ राहतं, घाटापर्यंत पुरतं, आणि झोपेचा मोठा भाग अंथरुणातच निघून जातो. मात्र रात्री दिली की पहाटे परत नाही.

दुसरं, सर्दीचं सिरप चालू असेल तर आधी सांगा. त्यातही बहुधा झोप आणणारं औषध असतं, दोन्ही मिळून पोर लोळागोळा होतं. फिट येत असतील, दमा असेल, झोपेत घोरून श्वास अडकत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

गुहागरकर_बाबा

एवढं कशाला, ती जिभेवर विरघळणारी उलटीची गोळी द्या. झोप अजिबात येत नाही. आम्ही तीच देतो.

दुकान_चिपळूण

झोप येत नाही हे बरोबर. पण ती पोट बिघडून होणाऱ्या उलटीवरची. घाटातली मळमळ कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाकडून येते, तिथे तिचा फारसा उपयोग नाही. तुमच्या मुलाला मुळात गाडी लागतच नसेल :)

गुहागरकर_बाबा

लागते हो. पण चिपळूणपर्यंतच जातो आम्ही.

मालवणी_बाय

आमच्या झिलाक उलटा झाला. गोळी दिली तर झोप रवली बाजूक, रातभर नाचत होतो, खिडकेर चढता काय, रडता काय. डॉक्टर म्हणाले काय्येक पोरांक असा होता, परत देव नको. म्हणान सांगतंय, सहलीच्या आदी एका रविवारी घरात देऊन बघा. बशीत पयल्यांदा नको.

पावसची_लेक

बाय, हे माहीतच नव्हतं गं. येत्या रविवारी बघतेच. अर्धीनेही दुपारपर्यंत पेंगली तर?

दुकान_चिपळूण

मग पाव करून बघू नका, डॉक्टरांकडे जा. ते वजन बघून सांगतील किंवा औषध बदलतील. एरवी गुंगी 4-6 तास असते, काही पोरांत 12 तासही रेंगाळते.

तुषार_देवगड

आमच्या टॉमीला गाडी लागते. फोंडा घाटात सीटची वाट लावली. त्याला अर्धी चालेल का? वजन 18 किलो.

फणसपोळी

टॉमी कितवीत आहे?

दुकान_चिपळूण

गुरांच्या डॉक्टरांना विचारा, माणसाच्या गोळीचं माप त्याला लावू नका.

शिंदे_बाई

शिक्षिका आहे, दरवर्षी सहलीला जाते. पालकांना एकच विनंती, गोळी मुलाच्या खिशात ठेवू नका. मागे एकाने मित्रांना वाटलेली बघितली आहे. चिठ्ठी मात्र द्या आणि ती दप्तरात नको, बाईंच्या हातात: नाव, औषध, किती, किती वाजता दिलं, इतर कुठलं औषध चालू आहे. वर लिहिलेली दुसऱ्या गोळीची भानगड त्या एका ओळीने टळली असती.

आम्ही अशा मुलांना पुढच्या सीटवर घेतो, मागच्या चाकावर बसवत नाही. उतरताना बस रिकामी झाली की एक शिक्षक शेवटच्या सीटपर्यंत जाऊन खाली वाकून बघतो. बाहेर जोड्या मोजून भागत नाही. झोपलेल्याला मध्ये मध्ये हाक मारतो. डोळे उघडून धड उत्तर दिलं तर ठीक. हलवूनही उठत नसेल किंवा श्वास वेगळाच वाटला तर सहल राहिली बाजूला, 108 ला फोन.

पेंगणाऱ्याला तटावर चढवत नाही. किनाऱ्याची सहल असेल तर पाण्यात तर नाहीच, मालवणच्या होडीत बसवायचं तरी शेजारी मोठं माणूस. ही औषधं तोंड कोरडं करतात, घामही कमी येतो, म्हणून उन्हात पाणी आठवणीने पाजावं लागतं.

पावसची_लेक

बाई, परतीचं काय? संध्याकाळी तोच घाट. तुमच्याकडे गोळी दिली तर द्याल?

शिंदे_बाई

आमच्या शाळेत शिक्षकांनी औषध द्यायचं नाही असा नियम आहे. आधीच्या शाळेत लेखी दिलं तर देत होतो. मला अजून यातलं कुठलं बरोबर ते कळलेलं नाही. औषध द्यायचं नाही आणि ओकणारं पोर चार तास सांभाळायचं, तेही आम्हीच.

दुकान_चिपळूण

दिवसाला एक म्हटलं की एकच, त्यामुळे परतीला दुसरी नाहीच. तशी गरजच वाटली तर डॉक्टरांनी लिहून द्यावं. नाहीतर पुढची सीट, निघण्याआधी मिसळ-वडा बंद, नजर समोरच्या रस्त्यावर, आणि मोबाईल तर नकोच.

गुहागरकर_बाबा

कोल्हापुरात जाऊन मिसळ बंद??

फणसपोळी

त्यापेक्षा ओकलेलं परवडलं.

पावसची_लेक

शाळेला चिठ्ठीचा नमुना पाठवलाय. ग्रुपवर अजून तरी अंगठेच येतायत. बाय, झील आता केवढा झाला?

मालवणी_बाय

धावीक आसा. आता तोच गाडी चालवता, आणि माकाच लागता.